जुनी स्कूटर थेट मालकाकडून घेतोय (एमएच ०३): नावावर करणे आणि इन्शुरन्स, आधी काय नंतर काय?

निनाद_भांडुप

नमस्कार मंडळी. चेंबूरच्या एका गृहस्थांकडून १२५ सीसीची स्कूटर घ्यायचं जवळजवळ ठरलंय. ऑगस्ट २०२१ची गाडी, तेच पहिले मालक, सौदा ५२,००० वर आलाय. मी भांडुपला राहतो, त्यामुळे दोघांचंही आरटीओ वडाळाच. मध्ये डीलर नाही, एजंट नाही.

गृहस्थ म्हणाले, "लोन कधीच फिटलंय. इन्शुरन्स ऑगस्ट २०२६पर्यंत आहे. फॉर्मवर सह्या करून देतो, पैसे द्या, गाडी न्या, नावावर सावकाश करून घ्या." माणूस सरळ वाटला, गाडीही नीट ठेवलेली आहे. पण मी ती दुसऱ्या दिवसापासून रोज पवईला ऑफिसला नेणार. नाव बदलायच्या आधी रस्त्यात काही झालं तर कोणाच्या गळ्यात पडणार, हे मला समजून घ्यायचंय. पैसे नक्की कोणत्या टप्प्यावर द्यायचे, तेही सांगा.

गिरगावकर

एवढं टेन्शन घेऊ नका. स्टॅम्पपेपरवर करारनामा करा, नोटरी करून घ्या, त्यावर तारीख आणि वेळ टाका. त्या क्षणापासून जबाबदारी तुमची, आधीची त्यांची. इन्शुरन्स तर कायद्यानेच आपोआप ट्रान्सफर होतो. मोटार वाहन कायदा, कलम १५७, वाचून बघा. मी दोन गाड्या अशाच घेतल्या, काही झालं नाही.

मावळा_७८

निनाद, एनओसी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मी बेळगावहून केए पासिंगची बाईक आणली होती. तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, मग इथला रोड टॅक्स नव्याने भरा, मग नवीन नंबर. टॅक्सचा आकडा ऐकून डोळे पांढरे झाले.

निनाद_भांडुप

मावळा दादा, गाडी मुंबईचीच आहे, एमएच ०३. टॅक्स पण लागणार का?

शरयू_ताई

नाही लागणार. मावळा म्हणतात ते परराज्यातल्या गाडीचं. महाराष्ट्रात दुचाकीचा टॅक्स नोंदणीच्या वेळी एकरकमी भरलेला असतो, राज्यातल्या राज्यात नाव बदलताना तो पुन्हा भरावा लागत नाही.

मी मोटार इन्शुरन्सच्या क्लेम विभागात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून गिरगावकरांच्या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहिते. कलम १५७ त्यांनी बरोबर सांगितलं, पण अर्धंच. मालकी बदलली की पॉलिसी नव्या मालकाकडे गेली असं कायदा मानतो, हे खरं. मात्र ते थर्ड पार्टीपुरतं. तुमच्या गाडीची धडक बसून दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर पॉलिसी जुन्या नावावर आहे एवढ्या कारणाने कंपनीला त्या जखमी माणसाला नाकारता येत नाही. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी, म्हणजे ओन डॅमेज, हा तुमच्यात आणि कंपनीत झालेला करार असतो. तो आपोआप हलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वीच स्पष्ट केलंय. त्याच कलमात पुढे असंही आहे, की घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करायचा. लोक पहिलं वाक्य वाचतात आणि तिथेच थांबतात.

टेबलावर हमखास येणारं प्रकरण सांगते. आरसी नव्या माणसाच्या नावावर, पॉलिसी जुन्या माणसाच्या नावावर, आणि गाडी सोसायटीच्या खालून चोरीला गेलेली. जुन्या मालकाकडे गाडी नाही, म्हणून त्याचं नुकसान नाही. नव्या मालकाचा कंपनीशी करार नाही. हप्ता भरलेला असूनही दोघांपैकी कोणालाच काही मिळत नाही.

निनाद, तुम्ही एक करा. पॉलिसीचा कागद मागवा, फक्त "२०२६पर्यंत आहे" या शब्दांवर जाऊ नका. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी एकदम पाच वर्षांची घ्यावी लागते. तुमच्या गृहस्थांची २०२६ ही तारीख तिथूनच आली असावी. ओन डॅमेज बहुतेक वेळा पहिल्या एकाच वर्षाचं असतं, ते पुढे दरवर्षी वेगळं घ्यावं लागतं.

वडाळा_रोजचा

ताईंनी इन्शुरन्सचं सांगितलं, मी आरटीओचं सांगतो. माझं रोजचं काम तेच आहे.

पैशाचं बोलायच्या आधी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका आणि फायनान्सरच्या रकान्यात बँकेचं नाव दिसतंय का पाहा. लोन फिटणं वेगळं आणि आरसीवरचा बोजा उतरणं वेगळं. शेवटचा हप्ता गेला की लोक बँकेचं पत्र कपाटात ठेवतात आणि विसरतात. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. काही बँका आता थेट वाहन पोर्टलवर बोजा उतरवतात. एनओसीवर मुदत लिहिलेली असेल तर तीही बघा, जुनं पत्र चालत नाही. हे काम विकणाऱ्याचं आहे, तुमचं नाही. आधी बोजा उतरवायचा, मग नाव.

दुसरं म्हणजे चलान. mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे आकडे टाकून पाहा. चलान गाडीच्या नंबरला चिकटलेलं असतं, मालक बदलला म्हणून सुटत नाही.

तिसरं, गाडीवरचा चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. स्कूटरला तो फ्रेमवर ठोकलेला असतो, मॉडेलप्रमाणे जागा बदलते. चार पावसाळे काढलेल्या गाडीवर त्याच्यावर चिखल आणि गंज बसलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि अंगठा फिरवून बघा. कारखान्यात ठोकलेले अंक एका ओळीत, एकाच खोलीचे लागतात. मध्येच पत्रा घासल्यासारखा गुळगुळीत लागला किंवा एखादा अंक तिरका वाटला, तर तिथून निघून या. तो नंबर लागणारच आहे, तेव्हा त्याच वेळी कागद ठेवून पेन्सिल प्रिंट काढून घ्या.

हे तिन्ही नीट असेल तर पुढचं अवघड नाही. parivahan.gov.in वर ट्रान्सफर ऑफ ओनरशिपचा अर्ज भरायचा. सरकारी फी १५० रुपये, आरसी कार्डाचे २००, वर टपाल वगैरे किरकोळ.

हेमंत_के

मी विकणाऱ्याच्या बाजूने बोलतो, कारण या धाग्यात सगळे घेणाऱ्याची काळजी करतायत. मी माझी बाईक ओळखीतल्या एका मुलाला विकली. नावबदलाच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून दिल्या, तारीख न टाकता, कारण तोच म्हणाला "काका, मी टाकतो". त्याने नावावर केलीच नाही. पुढे त्याने ती आणखी कोणाला तरी विकली, आणि आजही सिग्नल तोडल्याचे मेसेज माझ्या मोबाइलवर येतात. फोटोतल्या माणसाला मी ओळखतही नाही. गिरगावकर, माझ्याकडेही नोटरी केलेला करारनामा आहे. त्याने चलान यायची थांबली नाहीत.

गिरगावकर

हेमंतराव, पण उद्या कोर्टात गेलं तर करारनामा उपयोगी पडेल ना? तारीख-वेळ सगळं आहे त्यात.

शरयू_ताई

हेमंतराव आणि त्या मुलामध्ये वाद झाला तर पडेल. अपघातातल्या जखमी माणसासमोर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच सांगितलं. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेली होती, आरसीवर मात्र पहिल्याच माणसाचं नाव राहिलं होतं. नुकसानभरपाई त्याच्यावरच आली. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक. जखमी माणसाने विक्रीची साखळी शोधत बसायचं नाही, असा त्यामागचा विचार आहे, आणि मला तो पटतो.

हेमंतराव, कायद्याने विकणाऱ्याला १४ दिवस दिलेत आरटीओला कळवायला, आणि घेणाऱ्याला ३० दिवस. फॉर्म २९ म्हणजे "मी गाडी विकली" ही तुम्ही द्यायची खबर. ती दुसऱ्याच्या खिशात कोरी देऊन ठेवायची नसते. अजूनही लेखी कळवा, करारनाम्याची प्रत जोडा आणि पोच घ्या.

वडाळा_रोजचा

कोऱ्या सहीचे नावबदलाचे फॉर्म हे अर्ध्या भानगडींचं मूळ आहे. निनाद, "सह्या करून देतो" यावर समाधान मानू नका. आता अर्ज ऑनलाइन होतो, आणि आरसीला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो. म्हणजे अर्ज भरताना ते गृहस्थ शेजारी हवेत, किंवा निदान फोनवर हवेत. त्यांचा २०२१चा नंबर बंद असेल तर आधी तो बदलून घ्यायला लावा. आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळतं का, तेही पाहा. आरसीवर "एस. आर." आणि आधारवर पूर्ण नाव, अशाने अर्ज अडकतात.

आणि हो, तुमची गाडी २०२१ची म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट शोरूममधूनच लागलेली असणार. बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला ती प्लेट नसेल तर आरटीओत नाव बदलायचं काम पुढे सरकत नाही. आधी मालकाला प्लेट लावून घ्यायला सांगा.

निनाद_भांडुप

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी चेंबूरला जाऊन आलो.

ॲपवर फायनान्सरच्या जागी बँकेचं नाव अजून आहे. गृहस्थांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी फाइल काढली, त्यात बँकेची एनओसी निघाली, पण २०२४ची, आणि फॉर्म ३५ नाहीच. चलान तीन, प्रत्येकी ५०० रुपये, ती त्यांनी माझ्यासमोर भरली. चासी नंबर फडक्याने पुसून वाचला, आरसीशी जुळला, पेन्सिल प्रिंटही घेतली.

पॉलिसीबद्दल ताई म्हणाल्या तसंच निघालं. कागदावर दोन वेगळ्या ओळी आहेत. थर्ड पार्टीपुढे ऑगस्ट २०२१ ते ऑगस्ट २०२६, आणि ओन डॅमेजपुढे ऑगस्ट २०२२लाच संपलेलं. म्हणजे गेली काही वर्षं गाडीला स्वतःचं संरक्षणच नव्हतं. आता मी काय क्रमाने करू?

शरयू_ताई

तुमच्या बाबतीत हे एका अर्थी सोपं झालं, कारण ओन डॅमेज ट्रान्सफर करायचा प्रश्नच उरला नाही. ते तुम्ही स्वतःच्या नावावर नव्याने घ्यायचं.

थर्ड पार्टीची पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्या. नावावर करायचा अर्ज आरटीओत गेला की त्याची पावती, फॉर्म २९ आणि ३०च्या प्रती, तुमचं आधार-पॅन आणि जुनी पॉलिसी हे सगळं जोडून कंपनीला ईमेल करा. बऱ्याच कंपन्या नवीन आरसी हातात आल्यावरच पॉलिसीवर नाव बदलल्याची एंडोर्समेंट देतात. तरीही १४ दिवसांत लेखी अर्ज केल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा, म्हणून ईमेल. फोनवर बोलणं धरलं जात नाही. नवीन आरसी आली की ती त्याच मेलला जोडून पाठवा.

त्यानंतर ओन डॅमेज. ते नुसतं वेगळं घेता येतं, पण चालू थर्ड पार्टी पॉलिसीचा नंबर आणि कंपनीचं नाव द्यावं लागतं. म्हणून आधी तिथलं नाव तुमचं झालेलं बरं, नाहीतर दोन पॉलिसींवर दोन मालक दिसतात आणि क्लेमच्या वेळी खुलासे देत बसावं लागतं. मध्ये खंड पडलेला असल्याने कंपनी गाडीची पाहणी करेल, हल्ली फोनवरून फोटो-व्हिडिओ मागवतात. डाव्या बाजूला घासल्याची जुनी खूण असेल तर ती लपवू नका, नोंदवून घ्या.

आणखी एक गोष्ट फार सुटते. मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात कव्हर, १५ लाखांचं. ते माणसाचं असतं, गाडीचं नाही. चेंबूरच्या गृहस्थांनी घेतलं असलं तरी ते तुम्हाला लागू होत नाही. तुमच्या नावाने, तुमच्या वारसाचं नाव टाकून घ्या. दुचाकीवर रोज पवईचा चढ-उतार करणाऱ्या माणसाने हे टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रज्ञा_डी

ताई, माझं थोडं वेगळं आहे. मी घेतेय त्या गाडीचं ओन डॅमेज अजून सहा महिने चालू आहे आणि त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस आहे. तो मला मिळेल ना? विकणाऱ्या बाई म्हणाल्या, गाडीबरोबरच येतो, म्हणून त्या किंमत थोडी जास्त धरतायत.

शरयू_ताई

नाही प्रज्ञा, त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नकोस. बोनस गाडीचा नसतो, ती ज्यांनी क्लेमशिवाय चालवली त्यांचा असतो. त्या बाई कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन तीन वर्षांच्या आत स्वतःच्या पुढच्या गाडीला वापरू शकतात. पॉलिसी तुझ्या नावावर होताना कंपनी उरलेल्या काळाचा फरक तुझ्याकडून घेते. समज, बोनस धरून वर्षाचा ओन डॅमेजचा हप्ता ८०० होता, म्हणजे बोनसशिवाय १,६०० झाला असता. सहा महिने उरलेत, तर फरकाचे ४०० आणि वर जीएसटी, ट्रान्सफरची किरकोळ फी. तुझ्या नावावर आधीची गाडी असेल आणि तुझं स्वतःचं बोनसपत्र असेल तर ते मात्र दाखव.

प्रज्ञा_डी

कळलं. आणि माझी गाडी एमएच ०४ आहे, मी राहते मुलुंडला. ठाण्याची एनओसी लागेल?

मावळा_७८

लागणारच. आरटीओ बदललं की एनओसी.

वडाळा_रोजचा

कायद्यात एनओसी दुसऱ्या राज्यात गाडी नेताना सांगितली आहे. राज्यातल्या राज्यात घेणाऱ्याने आपल्या राहत्या भागाच्या आरटीओला अर्ज करायचा असं कलम ५० म्हणतं, म्हणजे मुलुंडसाठी वडाळा. पण काउंटरवर काय मागतील याची हमी मी देणार नाही. पोर्टलवर अर्ज भरताना कोणतं कार्यालय येतं आणि कोणते कागद दाखवतं ते बघा, आणि पैसे द्यायच्या आधी बघा.

हेमंत_के

निनाद, पैसे कधी द्यायचे यावर कोणी बोललंच नाही. विकणारा म्हणून सांगतो, नवीन आरसी येईपर्यंत मी अर्धे पैसे अडकवून गाडी देणार नाही. आरसी टपालाने येते, कधी पत्ता सापडत नाही म्हणून परत जाते. तोपर्यंत माझ्या नावावरची गाडी तुम्ही फिरवणार आणि माझे पैसे पण तुमच्याकडे?

वडाळा_रोजचा

रास्त आहे. मी लोकांना असं सांगतो: टोकन देऊन थांबा. बोजा उतरला, पोर्टलवर फायनान्सरचा रकाना रिकामा झाला, की दोघांनी एकत्र बसून अर्ज भरायचा. ओटीपी टाकून, फी भरून पावती निघाली की तिथल्या तिथे पूर्ण पैसे बँकेतून द्यायचे आणि गाडी घ्यायची. त्याच दिवशी ताबा पावती करा. तारीख, वेळ, किलोमीटर, चासी नंबर, रक्कम, किल्ल्या किती, आणि दोघांच्या सह्या. गिरगावकरांचा करारनामा इथे उपयोगी येतो, फक्त तो आरसीच्या बदल्यात नाही.

हेमंत_के

मी तरी नाव बदलल्याचा मेसेज येईपर्यंत गाडी स्वतःच्या पार्किंगमध्ये ठेवीन. पूर्ण पैसे घेतले तरी. एकदा पोळलोय.

शरयू_ताई

इन्शुरन्सच्या दृष्टीने हेमंतरावांचं म्हणणं सर्वात सुरक्षित आहे, दोघांसाठीही. पण पूर्ण पैसे देऊन गाडी दुसऱ्याकडे ठेवायला किती जण तयार होतील, हा प्रश्न आहे.

निनाद_भांडुप

आज फोन झाला. गृहस्थांनी बँकेत अर्ज दिलाय, ताजी एनओसी आणि फॉर्म ३५ पुढच्या आठवड्यात मिळेल म्हणतात. मी ५,००० टोकन जीपेने दिलंय, "स्कूटर टोकन" असं लिहून आणि गाडीचा नंबर टाकून. त्यांचा जुना मोबाइल नंबर चालू आहे, ओटीपीची अडचण नाही. पावती निघाली की बाकीचे ४७,००० देणार यावर ते तयार आहेत. गाडी कधी हलवायची यावर अजून ठरलेलं नाही. ते म्हणतात लगेच न्या, पार्किंगची जागा मोकळी होईल. मी म्हटलं, माझ्या नावाने अपघात कव्हर आणि कंपनीला केलेली ईमेल, हे दोन्ही झाल्याशिवाय मी ती चेंबूरच्या बाहेर काढणार नाही.